सकाळी पडणारी, रात्री सावरणारी रेघ: सात दिवसांच्या सरासरीचं एक प्रकरण

बुधवारी सकाळी साडेदहाला टीमच्या ग्रुपवर डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट येऊन पडला. खाली एकच ओळ होती: "धडे पडतायत. नवीन व्हर्जनमुळेच ना?"

आमचं ॲप भाषा शिकवणारं. लोक फोनवर छोटे छोटे धडे पूर्ण करतात आणि दिवसाला एकूण किती धडे पूर्ण झाले, हा आमचा मुख्य आकडा. शनिवार-रविवारी लोक कमी शिकतात, मंगळवारी सगळ्यांत जास्त. त्यामुळे रोजचे आकडे सरळ मांडले तर करवतीच्या दात्यांसारखी रेघ दिसते. म्हणून डॅशबोर्डवर सात दिवसांची सरकती सरासरी लावलेली होती: प्रत्येक दिवसाच्या बिंदूत तो दिवस आणि त्याआधीचे सहा. सातही वार एकेकदाच येतात, दाते निघून जातात आणि रेघ गुळगुळीत होते.

नवीन व्हर्जन टप्प्याटप्प्याने सोडलं होतं. सोमवारी दहा टक्के लोकांना, मंगळवारी निम्म्यांना, बुधवारी सकाळी सगळ्यांना. स्क्रीनशॉटमधले शेवटचे चार बिंदू असे होते (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी थोडे गोल केले आहेत, पण प्रमाण तेच आहे):

| बिंदू | सात दिवसांची सरासरी |
|---|---|
| रविवार | ७,७९५ |
| सोमवार | ७,७७१ |
| मंगळवार | ७,७१० |
| बुधवार | ६,७३८ |

ही रेघ नुसती पडलेली नव्हती, आधी वाकून मग पडलेली होती. सोमवारी किंचित उतार, मंगळवारी जरा जास्त, बुधवारी घसरगुंडी. दहा टक्के, पन्नास टक्के, शंभर टक्के. व्हर्जन जितक्या लोकांपर्यंत पोचलं तितका उतार वाढला, असं चित्र समोर असताना कोण शंका घेणार? मीही घेतली नाही. अर्ध्या तासाच्या मीटिंगनंतर व्हर्जन मागे घ्यायचं ठरलं आणि साडेबारापर्यंत ते मागे घेऊनही झालं.

संध्याकाळी सहाला शेवटचा बिंदू ७,३५० च्या वर आला होता. रात्री दहाला ७,६०० च्या आसपास. ग्रुपवर सुटकेचे निःश्वास. "वेळेत मागे घेतलं" म्हणून एकमेकांचं कौतुकही झालं.

गुरुवारी सकाळी साडेदहाला शेवटचा बिंदू ६,७६० वर होता.

## जुना स्क्रीनशॉट

गुरुवारची सकाळ वाईट गेली. रोलबॅक अर्धवट झाला असेल, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं याहून भयंकर: बुधवारी वैतागून गेलेले लोक आता परत येणारच नाहीत. कोणी क्रॅश रिपोर्ट चाळत होतं, कोणी ॲप स्टोअरवरच्या प्रतिक्रिया. दोन्हीकडे नेहमीपेक्षा वेगळं काही नव्हतं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. साडेबारा टक्के धडे खरोखर गायब झाले असतील, तर कुठेतरी कोणीतरी कुरकुर करतंच.

उलगडा झाला तो निव्वळ योगायोगाने. प्रॉडक्ट सांभाळणारी सहकारी ग्रुपमध्ये भलतंच काहीतरी शोधत होती, तेव्हा तिला तीन आठवड्यांपूर्वीचा याच डॅशबोर्डचा एक स्क्रीनशॉट सापडला. कोणीतरी रंग बदलायची सूचना करताना तो टाकला होता. तोही गुरुवार सकाळचाच, आणि त्यातही रेघेचं शेपूट खाली लोंबत होतं. त्या दिवसाचा बिंदू ६,७७० वर. तिने मला विचारलं, "अरे, तेव्हाही पडले होते का धडे?"

मी आजच्या चार्टवर त्याच गुरुवारवर कर्सर नेला. ७,८०५. रेघ सपाट.

एकाच तारखेचा आकडा दोन वेगवेगळ्या दिवशी पाहिला आणि तो बदललेला निघाला. लोकांनी भूतकाळात जाऊन धडे पूर्ण केले नव्हते. तारीख तीच होती, पण पहिल्या वेळी ती संपलेली नव्हती. कुठल्याही चार्टचं शेपूट खरं आहे का, हे तपासायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही: काल पाहिलेला बिंदू आज तिथेच आहे का, ते बघायचं. शेवटचा बिंदू रोज वर सरकत असेल आणि त्याच्या जागी रोज नवा बिंदू खाली येऊन बसत असेल, तर पडतंय ते लोकांचं शिकणं नव्हे, आपली मोजणी अर्ध्यावर आहे.

## खड्डा नेमका किती खोल

आमच्या साध्या आठवड्यात धडे असे असतात: सोमवारी ८,४००, मंगळवारी ८,६००, बुधवारी ८,५००, गुरुवारी ८,३००, शुक्रवारी ७,७००, शनिवारी ६,३००, रविवारी ६,८००. बेरीज ५४,६००, सरासरी ७,८००.

सरकत्या सरासरीत एका दिवसाने पुढे जाताना फक्त दोन आकडे हलतात. आजचा आत येतो, गेल्या आठवड्यातला त्याच वारचा बाहेर जातो. मधले सहा जागचे हलत नाहीत. म्हणजे लागोपाठच्या दोन बिंदूंमधला फरक हा नेहमी 'आज वजा गेल्या आठवड्यातला आज' याचा सातवा भाग असतो. बुधवारी साडेदहापर्यंत १,७०० धडे झाले होते, रोज त्या वेळेला साधारण २० टक्केच होतात. बाहेर गेला तो गेल्या बुधवारचा पूर्ण आकडा, ८,५००. फरक ६,८००, त्याचा सातवा भाग ९७१. मंगळवारच्या ७,७१० मधून ९७१ गेले की अपूर्णांक धरून ६,७३८ उरतात. चार्टवर तोच आकडा होता. नव्या व्हर्जनला त्या घसरगुंडीत वाटाच नव्हता.

यातून आणखी दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे खड्ड्याची खोली वारावर ठरते. शनिवारी सकाळी त्याच वेळेला ६,३०० पैकी ८० टक्के कमी असतात, म्हणजे सरासरीत ७२० चा खड्डा, बुधवारच्या जवळजवळ पाऊण. त्यामुळे रोज सकाळी बघणाऱ्याला रेघ कधी जास्त, कधी कमी पडलेली दिसते आणि हा फरक त्याला खऱ्या चढउतारासारखा वाटतो. दुसरं म्हणजे आठवडा सपाट असता, तर खड्डा कितीही झालं तरी सातव्या भागाहून, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांहून खोल जाऊ शकला नसता. मध्यरात्रीनंतर लगेच, दिवसात शून्य धडे असताना तो सगळ्यांत खोल. तिथून दिवसभर भरत जाणार.

हे दिवसभर भरत जाणंच आम्हाला नडलं. सकाळी रेघ पडलेली, रात्री सावरलेली, हे रोजचंच होतं. मधल्या वेळात आम्ही जे काही केलं असतं, ते 'लागू पडलं' असतं. व्हर्जन मागे घेण्याऐवजी सर्व्हर रीस्टार्ट केला असता, तरी रात्रीपर्यंत आकडा तितकाच वर आला असता.

मग इतके दिवस हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? आधीचे मॅनेजर दिवस संपताना डॅशबोर्ड उघडायचे, तेव्हा खड्डा बुजत आलेला असायचा. नवीन आलेल्या सकाळच्या मीटिंगआधी उघडायच्या. चार्ट तोच, बघायची वेळ बदलली.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आम्ही रोजच्या आकड्यांचे खांब दाखवत असतो, तर शेवटचा खांब बाकीच्यांच्या एक पंचमांश उंचीचा दिसला असता आणि तो बघून कोणीही म्हटलं असतं, 'अहो, दिवस अजून संपलाय कुठे?' ८० टक्के घट इतकी अचाट असते की ती कोणी खरी मानत नाही. सरासरीने तिला सातने भागून १२-१३ टक्क्यांवर आणलं, आणि १२-१३ टक्के घट कोणालाही पटते. वाईट व्हर्जनमुळे होते तितकीच ती असते. चूक लपली नाही, ती पटण्याजोगी झाली.

## आज वगळला, तरी उतार राहिला

पहिली दुरुस्ती पाच मिनिटांची होती. सरासरी काढणाऱ्या क्वेरीत आजचा दिवस घ्यायचाच नाही:

```sql
SELECT day,
       AVG(n) OVER (ORDER BY day
         ROWS BETWEEN 6 PRECEDING AND CURRENT ROW) AS avg7
FROM daily_lessons
WHERE day < CURRENT_DATE;
```

इथे एक खाच आहे. `CURRENT_DATE` डेटाबेसच्या सेशनचं घड्याळ बघतो आणि ते बऱ्याचदा यूटीसीवर असतं. `day` मात्र आपल्या स्थानिक तारखेने काढलेला असतो. आपलं घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल, तर पहाटे काही तास चार्ट एक दिवस मागे राहतो, एवढंच. मागे असेल, तर संध्याकाळी यूटीसीची तारीख उलटलेली असते, `CURRENT_DATE` उद्याची तारीख सांगतो आणि आजचा अर्धा दिवस गुपचूप आत येतो. मग खड्डा सकाळऐवजी फक्त संध्याकाळी दिसतो आणि शोधणाऱ्याची दमछाक होते. दोन्ही बाजूंना एकच घड्याळ हवं.

घसरगुंडी गेली. पण ७,७९५, ७,७७१, ७,७१० हा आधीचा मंद उतार तसाच राहिला. शुक्रवारी सकाळी बघितलं, तर तो दोन दिवस पुढे सरकून पुन्हा शेवटच्याच तीन बिंदूंवर बसलेला. टप्प्याटप्प्याने सोडलेल्या व्हर्जनशी जुळलेला तो उतार व्हर्जनचा नव्हताच. तो कायम रेघेच्या टोकाशी राहणारा भाडेकरू होता.

याचं कारण ॲपच्या रचनेत होतं. धडा इंटरनेटशिवायही पूर्ण करता येतो. फोन तो स्वतःकडे लिहून ठेवतो आणि पुढे कधी जोडणी मिळाली की पाठवतो. सुदैवाने दोन वेळा नोंदवलेल्या होत्या: `done_at` म्हणजे फोनच्या घड्याळाप्रमाणे धडा कधी संपला आणि `received_at` म्हणजे तो आमच्याकडे कधी पोचला. दिवस ठरायचा तो `done_at` वरून. तेच बरोबर आहे, कारण रात्री शिकलेला धडा रात्रीचाच मोजायला हवा. पण त्यामुळे संपलेला दिवसही लगेच पूर्ण होत नाही. तारीख उलटली तरी तिचे धडे मागून येतच राहतात.

किती आणि किती उशिरा, हे मोजायला एक छोटी क्वेरी पुरली:

```sql
SELECT date(done_at) AS day,
       date(received_at) - date(done_at) AS lag,
       count(*) AS n
FROM lessons
GROUP BY 1, 2;
```

(या क्वेरीत काही ओळींचा `lag` उणे निघाला. फोनचं घड्याळ पुढे असलेले मूठभर लोक चक्क उद्याचे धडे करत होते. `daily_lessons` मध्ये उद्याच्या तारखेची चार धड्यांची ओळ बघून मी क्षणभर हबकलो होतो. आजचा दिवस वगळणाऱ्या अटीत तीही वगळली जाते. पण आज न वगळता नुसती 'शेवटची ओळ' काढून टाकणाऱ्याच्या हाती हीच ओळ लागते आणि अर्धा दिवस तसाच राहतो.)

दोन महिन्यांचे दिवस तपासले तेव्हा साधारण चित्र असं निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत दिवसाचे ९५ टक्के धडे पोचलेले असतात. तिसऱ्या दिवशी सकाळी ९८. चौथ्या दिवशी साडेनव्व्याण्णव. त्यानंतर तुरळक.

आता बुधवारचा स्क्रीनशॉट पुन्हा बघा. त्या सकाळी मंगळवारात ५ टक्के, म्हणजे ४३० धडे कमी होते. सोमवारात २ टक्के, १६८. रविवारात अर्धा टक्का, ३४. रविवारच्या बिंदूत फक्त ३४ ची तूट, तिचा सातवा भाग ५, म्हणून ७,७९५. सोमवारच्या बिंदूत ३४ आणि १६८ मिळून २०२ ची तूट, म्हणून ७,७७१. मंगळवारच्या बिंदूत तिन्ही मिळून ६३२, म्हणून ७,७१०. सरकत्या सरासरीत तुटी साठत जातात. प्रत्येक पुढच्या बिंदूत मागच्या सगळ्या अपुऱ्या दिवसांचं ओझं असतं आणि वर स्वतःचं. म्हणून टोकाजवळ रेघ एकदम तुटत नाही, हळूहळू वाकते. आणि तशी वाकलेली रेघ आपल्याला खऱ्या बदलासारखीच दिसते.

हे दुखणं काही आमचं एकट्याचं नाही. कोविडच्या काळात ब्रिटनच्या सरकारी डॅशबोर्डवर नमुना घेतल्याच्या तारखेनुसार रुग्णसंख्या दाखवत. नमुना घेतला जायचा आज, निकाल नोंदला जायचा पुढच्या काही दिवसांत, त्यामुळे ताज्या तारखांचे आकडे नेहमीच कमी दिसायचे. तिथे शेवटचे ५ दिवस अपूर्ण असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असे. विमा कंपन्यांना तर ही गोष्ट कितीतरी जुनी. अपघात झाला त्या वर्षाचे दावे पुढची अनेक वर्षं येत राहतात, म्हणून त्या घडल्याची तारीख आणि कळल्याची तारीख यांचे त्रिकोणी तक्ते ठेवतात. आमची वरची क्वेरी म्हणजे त्याच तक्त्याचं बाळरूप.

## सुचलेले दोन उपाय

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये पहिली सूचना आली ती अगदी साहजिक. अपुरा दिवस गाळा आणि उरलेल्या सहांना सहाने भागा. शेवटचा बिंदू आजचाच राहील, शिवाय खड्डा जाईल.

खड्डा गेला असता, पण सरासरी सात दिवसांची ठेवण्याचं कारणही गेलं असतं. बुधवारी सकाळी बुधवार गाळला, तर उरलेल्या सहांची बेरीज ४६,१००, सरासरी ७,६८३. शनिवारी सकाळी शनिवार गाळला, तर ४८,३००, सरासरी ८,०५०. आठवडा तोच, लोक तेच, आणि टोकाचा बिंदू केवळ आज कोणता वार आहे यावरून साडेतीनशेहून जास्त हलतो. ज्या दात्यांना घालवायला सरासरी लावली, तेच दाते टोकाशी परत येतात. पांडास वापरणाऱ्यांनी इथे जपायला हवं. `rolling(7)` मध्ये एक किंमत रिकामी असेल, तर तो बिंदूही रिकामा येतो. तो भरावा म्हणून कोणी सहज `min_periods=6` लिहिलं की नेमकी हीच चूक होते, आणि ती दिसत नाही.

दुसरी सूचना जास्त विचारी होती: साडेदहापर्यंत २० टक्के धडे होतात हे माहीत आहे, तर १,७०० ला ०.२० ने भागा, ८,५०० मिळतील. अशा अंदाजाला नाउकास्टिंग म्हणतात आणि साथीच्या आकड्यांत ते रीतसर वापरतात. कालच्या दिवसासाठी मी ते मान्यही केलं असतं, कारण ९५ टक्क्यांना १०० करताना ताणावं लागतं ते थोडंच. आजच्या दिवसासाठी नाही. तो वाटा कधी १८ टक्के असतो, कधी २२. त्याने भागलं की आजचा अंदाज ९,४४४ पासून ७,७२७ पर्यंत कुठेही जातो. आणि मुख्य अडचण वेगळीच. व्हर्जनने काही बिघडवलं का, हे आम्हाला जाणून घ्यायचं होतं. नव्या व्हर्जनमुळे फोन धडे उशिरा पाठवू लागले, तर जुन्या २० टक्क्यांनी केलेला अंदाज त्याला घट म्हणेल. लोक पूर्वीसारखेच वागतायत असं धरून लोकांचं वागणं बदललं का, हे विचारण्यासारखं ते आहे.

शेवटी रेघ थांबवायचं ठरलं. साडेनव्व्याण्णव टक्के धडे पोचलेला दिवस पक्का मानायचा, म्हणजे बुधवारी सकाळी ठळक रेघ रविवारी संपेल. त्यानंतरचे दिवस फिकट खांबांनी दाखवायचे, पण त्यांची सरासरी काढायची नाही. रविवारच्या बिंदूत ५ ची तूट राहते, ती ७,८०० च्या रेघेवर डोळ्यांना दिसत नाही. किंमत म्हणून आम्ही तीन दिवस दिले: खरी घट झाली तरी या रेघेवर ती तीन दिवस उशिरा उगवेल. मॅनेजरना हे आवडलं नाही, आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. व्हर्जन सोडल्यावर तीन दिवस डोळे मिटून बसणं कोणालाच परवडत नाही.

पण त्या प्रश्नासाठी सरासरीची रेघ मुळातच चुकीचं हत्यार होती. आज सकाळी काही बिघडलंय का, याचं उत्तर अर्ध्या दिवसाची तुलना तितक्याच अर्ध्या दिवसाशी करून मिळतं. आज बुधवारी साडेदहापर्यंत किती धडे आले, आणि गेल्या बुधवारी साडेदहापर्यंत किती आले होते?

```sql
SELECT count(*) FROM lessons
WHERE done_at     >= :day
  AND received_at <  :day + interval '10 hours 30 minutes';
```

घटनेच्या बुधवारी १,७००. त्याआधीच्या बुधवारी १,६९०. त्याच्या आधीच्या १,७१५. एवढे तीन आकडे त्या सकाळी कोणी काढले असते, तर मीटिंग पाच मिनिटांत संपली असती आणि व्हर्जन जागेवर राहिलं असतं.

यात `received_at` ची अट सोडून चालत नाही. ती न घालता गेल्या बुधवारी साडेदहापर्यंत संपलेले धडे `done_at` वरून मोजले, तेव्हा १,८२० आले. नंतर पोचलेले धडेही त्यात होते. १,७०० समोर १,८२० म्हणजे साडेसहा टक्के घट, म्हणजे तेच भूत दुसऱ्या दाराने आत. गेल्या आठवड्याचा आकडा आज माहीत आहे तसा घ्यायचा नाही, गेल्या आठवड्यात त्या क्षणी जितका माहीत होता तितकाच घ्यायचा.

तेच व्हर्जन, एकही ओळ न बदलता, पुढच्या सोमवारी पुन्हा सोडलं. त्याच वेळेच्या तुलनेत काही हललं नाही.

## थांबवलेली रेघही एकदा पडली

नवीन चार्ट लावल्यावर पहिली तक्रार अपेक्षित होती: "डॅशबोर्ड बंद पडलाय का? रेघ रविवारीच थांबलीय." म्हणून रेघेच्या टोकाशी 'इथपर्यंत पक्का' अशी चिठ्ठी चिकटवली. तक्रारी थांबल्या.

काही आठवड्यांनी मंगळवारी सकाळी टोकाचा बिंदू ७,७१० वर आला. पुन्हा तोच आकडा बघून मला हसूच आलं, पण या वेळी आज, काल, परवा सगळे वगळलेले होते. टोकाचा दिवस शनिवार होता, नियमाप्रमाणे पक्का. शोधलं तर कळलं की शनिवारी दुपारपासून धडे स्वीकारणारी आमची रांग काही तास तुंबली होती. फोन धडे पाठवायचा प्रयत्न करून गप्प बसले होते आणि ॲप पुन्हा उघडल्याशिवाय परत पाठवणार नव्हते. शनिवारचे ६३० धडे अजून लोकांच्या खिशात होते. तीन दिवसांचा नियम सगळं सुरळीत असतानाच्या दिवसांवरून काढला होता, आणि हा दिवस तसा नव्हता.

मग पक्का दिवस तारखा मोजून ठरवणं सोडलं. `received_at` वर तासागणिक किती धडे आले ते बघायचं, आणि एखाद्या तासात नेहमीच्या तुलनेत भोक दिसलं की तो दिवस आणि पुढचे दिवस अडवून ठेवायचे. अडवलेल्या दिवसासाठी उशिरा येणाऱ्या धड्यांचा रोजचा ओघ अर्ध्या टक्क्याखाली गेला की अडसर काढायचा. त्या मंगळवारी हा नियम लागू केला, तशी रेघ मागे जाऊन शुक्रवारी थांबली. चिठ्ठी आता आपोआप लिहिली जाते: 'शुक्रवारपर्यंत पक्का, शनिवारचे धडे अजून येत आहेत.' गुरुवारी दुपारी शनिवार भरला आणि रेघ एकदम तीन दिवस पुढे आली, ७,८०० च्या आसपास, सपाट.